आईला सकाळ-संध्याकाळवर टाकलं

आईचा फोटो माझ्या फोनवर दिवसातून दीडशे वेळा यायचा. खरं सांगायचं तर आईचा वीस-पंचवीस वेळाच. बाकीच्या वेळी मांजर, शेजारणीची कोंबडी, वाऱ्यानं हललेली शेवग्याची फांदी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. पण फोन थरथरला की माझ्या मनात पहिल्यांदा आईच यायची. बघेपर्यंत जीव जागेवर नसायचा. बघितलं की मांजर. मग मनातल्या मनात देवाला हात जोडायचे, कामाला लागायचं, की पुन्हा थरथर.

गावाकडच्या आमच्या घराच्या पडवीत कॅमेरा लावला तो धाकट्या भावानं. वडील गेले त्या वर्षी. भाऊ पुण्यात, बाराव्या मजल्यावर. मी हैदराबादेत. आई सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कोरड्या भागातल्या गावात, एकटी. भावानं तेव्हाच सांगून टाकलं होतं, "दादा, आई हट्टानं इथं राहतेय, राहू दे. पण एकदा जरी काही झालं, तर मी कुणाचं ऐकणार नाही. गाडीत घालून पुण्याला." आईला पुण्याचा बारावा मजला म्हणजे काय वाटायचं ते मला माहीत होतं. एकदा महिनाभर राहून आली होती. आल्यावर म्हणाली, "खाली बघितलं की मानसं मुंगीवानी. वर बघितलं की काय न्हाईच." पण भावापुढं मी काही बोललो नाही. तो शिकलेला. मी सातवीनंतर शाळा सोडलेली. आमच्या घरात निर्णय तो घ्यायचा आणि मी "बरं" म्हणायचो, वयानं नऊ वर्षांनी मोठा असूनही.

मी गलाईवाला. आमच्या भागातली माणसं हे काम करायला देशभर पसरली आहेत. सराफाकडचं मोडीचं सोनं-चांदी, दागिने करताना पडलेला चुरा, तुकडे, हे सगळं भट्टीत वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध धातू परत द्यायचा. तेराव्या वर्षी शेठजींचं बोट धरून नामपल्ली स्टेशनवर उतरलो. शेठ आमच्या शेजारच्या गावचे. त्यांनी जेवू घातलं, काम शिकवलं, लग्नात उभे राहिले, नारायणगुड्यातल्या त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या आम्हा नवरा-बायकोला दिल्या. हा फोनसुद्धा त्यांच्याच सुनेचा. तिनं नवा घेतला, तेव्हा जुना आयफोन मला दिला. मी नको नको म्हणत होतो. ती म्हणाली, "काका, ड्रॉवरमध्ये पडून राहील नुसता. घ्या की." या घराचं माझ्यावर इतकं ऋण आहे की शेठनी नुसतं "अरे" म्हटलं तरी मी उभा राहतो.

आणि त्याच शेठसमोर माझ्या हातून चांदी सांडली.

दुपारची वेळ. मूस भट्टीतून काढलेली, सांडशीत धरलेली, चांदी पाण्यासारखी हलतेय, साच्यात ओतायची. या वेळी आम्ही बोलतसुद्धा नाही. तेवढ्यात वरच्या खिशात फोन थरथरला. मी खाली बघितलं नाही, शपथ. पण हात बघितल्यासारखा हलला. चांदीची जीभ साच्याबाहेर आली, फरशीवर पसरली आणि दोन थेंब माझ्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. मी सांडशी सोडली नाही, एवढं एकच बरं केलं. उरलेली ओतली. मग खाली बसलो.

आमचा एक जुना कारागीर-गिऱ्हाईक, जुन्या शहरातला, आपली चांदी घेऊन बाकावर बसला होता. त्यानं सगळं बघितलं. म्हणाला, "क्या मियाँ, फोन में क्या हय? घडी घडी देखरे. बीवी तो घर मेंच हय ना तुमारी?"

"अम्मा है," मी म्हटलं.

"अम्मा को हाथ में उबलती चांदी लेके देखते क्या? नक्को भाई. अम्मा रोती ऐसे देखे तो."

सांडलेली चांदी थंड झाल्यावर शेठनी स्वतः खरवडून गोळा केली. मी पुढं झालो तर हातानंच थांब म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी दुकान बंद करताना एवढंच म्हणाले, "फोन घरी ठेवून येत जा, न्हाईतर भट्टीवर बसू नको. तीस वर्षांत तुझा हात हललेला बघितला नव्हता मी."

फोन घरी ठेवायचा? आणि आई पडली तर? रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही आईंची काळजी करता का त्या मशिनीची?" मी म्हटलं, दोन्ही एकच. ती म्हणाली, "एकच न्हाईत." आणि वर जाऊन शेठच्या सुनेला घेऊन आली.

सूनबाई कॉम्प्युटरवाली. घरूनच काम करते. जन्म इथलाच, त्यामुळं मराठी बोलते पण वाचायला लागली की अडखळते; इंग्रजी वाचताना मी जसा अडखळतो तसाच. त्यामुळं आमचं जमतं. तिनं फोन हातात घेतला, बोटानं वरखाली केलं आणि हसली.

"काका, हे बघा. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, त्यात शेड्यूल्ड समरी. म्हणजे काय, की जे मेसेज अर्जंट नाहीत ते फोन लगेच देणार नाही. जमवून ठेवणार. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सगळे गठ्ठ्यानं."

"म्हणजे बंद?"

"बंद नाही हो. एकही जात नाही. नुसते थांबतात."

मग तिनं यादी दाखवली. कुठलं ॲप दिवसाला सरासरी किती वेळा सतावतं, ते फोनच लिहून दाखवत होता. सगळ्यात वर कॅमेरा. त्याच्यापुढचा आकडा बघून बायकोनं पदर तोंडाला लावला. "बाई गं! एवढ्या वेळा तर सासूबाई मला पण हाक मारीत नव्हत्या." त्याच्याखाली सोन्या-चांदीच्या भावाचं ॲप, मग सामान घरपोच देणाऱ्यांच्या जाहिराती.

"आईचा फोन आला तर?" मी विचारलं.

"फोन वाजणारच. कॉल या गठ्ठ्यात जात नाही. आणि जी ॲप्स स्वतः सांगतात की हा मेसेज वेळेवरच पोचला पाहिजे, त्यांचा तसला मेसेजही लगेच येतो. तुमचा कॅमेरा तसं काही सांगत नाही. त्याला आई पण मोशन, म्हणजे नुसती हालचाल, आणि मांजर पण मोशन."

ते ऐकून मला का कुणास ठाऊक राग आला. कॅमेऱ्याचा. त्याला आई पण मोशन!

"टाका त्याला गठ्ठ्यात," मी म्हटलं.

तिनं कॅमेऱ्याच्या नावापुढं खूण केली. वेळ फोनची आपली ठरलेली होती, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. ती म्हणाली, बदलता येते, अजून वेळाही वाढवता येतात. सकाळची आठची ठेवली, भट्टी पेटवायच्या आधीची. सहाला हातात काम असतं म्हणून संध्याकाळची सात केली.

शेठना सांगितलं, फोन आता नुसता कॉल आला तरच वाजतो; ते म्हणाले, बघू. भावाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का? तेव्हा वाटलं पाहिजे होतं. आता वाटत नाही.

पहिले तीन दिवस मी चोरासारखे काढले. थरथर बंद झाली आणि मला ती नसतानाही होत असल्यासारखी वाटायची. खिशाला हात लावायचा, फोन गप्प. त्यात मला सेटिंग्जमध्ये अजून एक बटण सापडलं, पुढची समरी आधीच बघता येण्याचं. ते चालू केलं की वेळ झाली नसली तरी नोटिफिकेशनच्या यादीत जमत आलेला गठ्ठा उघडून बघता येत होता. एक दिवस जेवायच्या सुट्टीत सहा वेळा बघितलं. घरीही तेच करताना बायकोनं बघितलं. "अहो, मग आधीचंच काय वाईट होतं? निदान तो तुम्हाला बोलवत होता. आता तुम्हीच त्याच्या दारात जाताय." त्या रात्री ते बटण मी बंद केलं. तसं ॲप उघडलं असतं तर कधीही सगळं दिसलंच असतं. पण ते मी उघडलं नाही. रागावून एकदा ठरवलं की माणसाला जमतं.

आणि मग हात शांत झाला. भट्टीपुढं बसलो की भट्टीच दिसायला लागली. शेठनी एक दिवस मूस माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ फिरवून गिऱ्हाइकाशी बोलत बसले. त्यांनी पाठ फिरवली यातच मला काय ते कळलं.

संध्याकाळी सातला समरी यायची. हात धुऊन, चहा घेऊन, खुर्चीत बसून मी ती उघडायचो. वर एक-दोन फोटो मोठे, खाली एकेका ॲपचा ढीग. कॅमेऱ्याच्या ढिगावर बोट ठेवलं की तो उलगडायचा आणि दिवसभराचे फोटो एकाखाली एक, प्रत्येकापुढं वेळ. आईचा आख्खा दिवस माझ्यापुढं जपमाळेसारखा पडायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला त्यात काहीतरी दिसलं. आधी वाटलं, चुकून. मग दुसऱ्या दिवशी वेळा बघितल्या, पुढं आठवडाभर कागदावर लिहूनच काढल्या.

दिवस निघताच आई अंगण झाडते. मग पाणी. मग तुळस. साडेआठच्या सुमाराला आई फाटकाकडं पाठमोरी, हातात पिशवी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. त्यानंतर मांजर. त्यानंतर कोंबडी. फांदी. मांजर. दुपारी बाराला मांजर. दोनला कोंबडी. चारला परत मांजर. आणि पावणेसहाला आई, फाटकातून आत येताना.

मधे आई नव्हतीच. रोज. नुसता मंगळवार सोडून.

दिवसाला दीडशे वेळा बघत होतो तेव्हा हे मला कधी दिसलं नव्हतं. थरथरलं, बघितलं, "ठीक आहे, हलतंय काहीतरी" म्हटलं, पुसून टाकलं. मांजर दिसलं तरी मला आई सुखरूप वाटायची! सकाळी एकदा पिशवी घेऊन जाताना दिसायची. वाटायचं, दुकानात निघाली. ती परत कधी आली, ते बघायला माझ्याकडं जागाच नव्हती, कारण तोवर अजून साठ थरथरी येऊन गेलेल्या असायच्या.

फोन केला.

"आई, दुपारी कुठं असतेस?"

"घरातच की."

"आई."

मग म्हणाली, "त्या डोळ्यानं सांगितलं व्हय?"

"डोळ्यानं न्हाई. मी बघितलं."

"मग बघितलंस तर इचारतोस कशाला?" आणि मग एकदम, जसं कुणीतरी धरलेलं सोडून द्यावं तसं, "शेडवर जाते. बेदाणा निवडायला. आम्ही धा-बारा बायका हाय. सावलीत बसून काम हाय, ऊन न्हाई का ओझं न्हाई. पावणेनऊला टेम्पो येतो चौकात, तो नेतो, तोच आणून सोडतो. मंगळवारी सुट्टी. बास?"

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासनं."

दिवाळीपासून. म्हणजे पाच महिने. पाच महिने मी तिला दिवसाला दीडशे वेळा बघत होतो.

"आई, तुला काय कमी हाय का? मी पाठवतो, तो पाठवतो…"

"पैशाचं नगं बोलू," ती म्हणाली. "तुमचं पैसं हायत, डब्यात हायत. तुझा बाप गेल्यापासनं मी त्या अंगणात फिरते आणि तुम्ही दोघं मला बघता. मी कुनाला बघायचं? तितं बायका हायत. एक नकला करती, दुसरी ऐकू येत न्हाई तरी हसती. मी बी हसते. लई दिसानं हसले रं." मग आवाज बारीक करून, "धाकट्याला सांगू नगंस. तो म्हनंल, गलाईवाल्याची आई मजुरीला गेली. आणि मला नेईल त्या बाराव्या मजल्यावर."

मी "बरं" म्हटलं. आयुष्यात कितीदा "बरं" म्हटलं असेल, पण हे पहिलंच असं होतं की ज्यात मी कुणाच्या तरी विरुद्ध उभा होतो.

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"तुला?"

"सणाला गेले तेव्हा हात बघितले त्यांचे. बोटांची टोकं चिकट, काळपट. मी काय इचारलं न्हाई, त्यांनी काय सांगितलं न्हाई. बाईमाणसाला कॅमेरा लागत न्हाई."

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले गेले. सातला गठ्ठा उघडायचो आणि तिची साडेआठची पाठ बघायचो. रुमाल कधी लाल, कधी हिरवा. मला ती पाठ आवडायला लागली. चालताना घाई असायची तिला. टेम्पो चुकेल म्हणून. ज्या बाईला कशाची तरी घाई आहे ती बाई ठीक आहे, असं मला वाटायचं.

मग नात्यातलं कुणीतरी आपल्या द्राक्षबागेच्या कामानं शेडवर गेलं, त्यानं आईला बघितलं आणि पुण्याला फोन लावला.

भावाचा फोन मला दुकानातच आला. वाजला, म्हणजे उचलावाच लागला.

"दादा, तू दिवसभर कॅमेरा बघतोस ना?"

"बघतो."

"मग आई सहा-सहा महिने घरात नाही हे तुला दिसलं नाही? आंधळा आहेस का?"

खोटं बोलता आलं असतं. नेटवर्क नव्हतं, फोन जुना आहे, काहीही. चिंता करणाऱ्या माणसाला खोटं पटकन सुचतं. पण समोर भट्टी होती आणि माझा हात शांत होता.

"दिसलं," मी म्हटलं. "मला माहीत होतं. आणि अजून एक सांगतो, ते कॅमेऱ्याचे मेसेज मी लगेच घेत नाही. फोनमध्ये सोय आहे. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी सातला एकदा, सगळे एकत्र येतात."

मग तो ओरडला, इतका की शेठनी मान वर केली.

"म्हणजे तू आईला सकाळ-संध्याकाळवर टाकलंस? दुधाच्या पिशवीसारखं?"

ते लागलं. खरंच लागलं. मग मी विचारलं, "तुझ्याकडं किती वेळा येतात रे?"

"काय?"

"कॅमेऱ्याचे मेसेज. तुझ्या फोनवर पण आहे ना ते ॲप. तू लावलंस."

"ते… मी पहिल्याच आठवड्यात बंद केले. ऑफिसात कसं जमणार? मीटिंग असतात. पण तू होतास ना!"

मला हसू आलं. रागाचं हसू. "म्हणजे तू आईला कशावरच टाकलं नाहीस," मी म्हटलं. "मी दोन वेळा बघतो. नीट बघतो, बसून बघतो. मी रोज तिला फाटकातून जाताना बघतो आणि परत येताना बघतो. तुला आज कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं."

"दादा, तुला समजत नाही—"

"हो, मी सातवी नापास. तरी समजतंय."

सातवी नापास नव्हतो मी. पास झालो होतो, चांगला. फक्त आठवीत गेलो नाही. पण त्या वेळी तसंच तोंडातून गेलं.

तो म्हणाला, "मी रविवारी जातोय गावाला. आणतोय तिला. आणि तू ते आत्ताच्या आत्ता सरळ कर, ताबडतोब यायला लाव."

फोन ठेवला. मी सेटिंग्ज उघडली. कॅमेऱ्याच्या पानावर दोन पर्याय लिहिलेले असतात, लगेच पोचवा किंवा समरीत पाठवा. माझा अंगठा त्या पहिल्या ओळीवर होता. सवयच तशी. भाऊ म्हणाला की मी करतो. अंगठा तिथं ठेवून मी उभा राहिलो आणि मनात म्हणालो, समजा लावलं. मग परत दीडशे वेळा मांजर. परत हात हलणार. आणि आई? आई तरीही शेडवरच. तिला पडायचं असेल तर ती शेडवर पडेल, जिथं बारा बायका आहेत, आणि हा डोळा तेव्हा कोंबडी दाखवत असेल.

अंगठा उचलला. फोन खिशात टाकला.

शेठ बघत होते. म्हणाले, "धाकटा?"

"हो."

"काय म्हनतोय?"

सगळं सांगितलं. मला वाटलं शेठ म्हणतील, आईनं मजुरीला जाणं बरं दिसत नाही, आपल्या लोकांत नाव जातं. त्यांच्यापुढं मी आजवर उलट बोललो नव्हतो, आणि त्या दिवशी बोलायची तयारी करूनच उभा होतो. त्यांनी भट्टीची हवा कमी केली. "तुझी आई," म्हणाले, "तुला माझ्याबरोबर पाठवायला गाडीवर आली व्हती. रडली न्हाई. मला म्हनाली, ह्याला उपाशी ठेवू नका. बास, एवढंच. तिला कोन काय सांगणार?"

रविवारी भाऊ गावी गेला. तो येणार म्हणून आईनं त्या दिवशी शेडवर खाडा केला होता. सकाळी अकराला त्यानं मला फोन लावला, स्पीकरवर. मी नारायणगुड्याच्या घरात, पायऱ्यांवर बसलेलो. बायको मागं उभी, आणि वरच्या पायरीवर सूनबाई, ऐकत नसल्यासारखं ऐकत.

"दादा, तू सांग तिला," भाऊ म्हणाला. "ती ऐकत नाहीये. मी म्हणतोय, बॅग भर."

"आई," मी म्हटलं.

"हां."

"तुला जायचंय का?"

"न्हाई."

"मग नको जाऊस."

"दादा!"

"थांब जरा," मी भावाला म्हटलं. "तू शिकावंस म्हणून मी शाळा सोडली, याचा हिशोब मी कधी काढला नाही, आजही काढत नाही. तू शिकलास, मला बरं वाटतं. पण मी तेरा वर्षांचा असताना मला कुणी विचारलं नव्हतं, जायचंय का म्हणून. तिला मी विचारतोय. ती नाही म्हणाली. विषय संपला."

"आणि उद्या काही झालं तर? तुझा फोन सातला सांगणार तुला?"

"उद्या काही झालं तर शेडवरच्या बायका फोन करतील. त्यांच्याकडं माझा नंबर आहे, मी दिलाय. बायकांनी फोन केला की तो वाजतोच. तुला पण देतो त्यांचा नंबर, पाहिजे असेल तर."

मागून आईचा आवाज आला, स्पीकरपासून लांब, स्वयंपाकघरातून असावा. "जेवून जा रं. भाकरी टाकलीय. कशाला उपाशी तोंडानं भांडताय?"

भाऊ जेवला आणि एकटाच पुण्याला गेला. महिनाभर त्यानं मला फोन केला नाही. मीही केला नाही. हे मी अभिमानानं लिहीत नाही, पण लाजेनंही लिहीत नाही. एरवी दोन दिवस त्याचा फोन आला नाही तर मला झोप लागत नसे.

उन्हाळ्यात आमच्या गलाईवाल्यांचं एक सत्यनारायणाचं जेवण होतं, तारनाक्याच्या बाजूला एका हॉलमध्ये. पंगतीत माझ्या शेजारी आमच्याच भागातले एक म्हातारे दुकानदार बसले होते, सोन्याच्या अंगठ्या दोन्ही हातांत. पानात वरण पडता पडता म्हणाले, चारचौघांना ऐकू जाईल असं, "काय रे, ऐकलं ते खरं का? तुझी आई बेदाणा निवडायला जाती म्हनं? दोन पोरं कमवती असून?"

शेठ समोरच्या ओळीत होते. बायको बायकांच्या ओळीत. मी भात कालवत होतो. घास केला.

"हो, जाते," मी म्हटलं. "पावणेनऊला जाते, पावणेसहाला येते. तुम्ही गावाला गेलात आणि भेटायचं असलं, तर मंगळवारी जा. बाकीच्या दिवशी ती घरी नसते."

आणि घास तोंडात घातला.